φ(n) वापरून मोठे घात लहान करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या बहुतेक प्रश्नांत भाजक म्हणून 360 आणि 100 याच दोन संख्या घेतल्या आहेत. एकच संख्या वेगवेगळ्या बाजूंनी पाहिली की नियम कुठे लागतो आणि कुठे अडतो ते लवकर लक्षात येतं. मसावि, मूळ अवयव आणि भागाकारातली बाकी एवढं माहीत असलं की पुरे. a ≡ b (mod n) असं लिहिलं असेल तिथे ‘n ने भागल्यावर a आणि b यांची बाकी सारखी’ असं वाचावं.

φ(n) नेमकं काय मोजतं?

1 पासून n पर्यंतच्या संख्यांपैकी ज्यांचा n शी मसावि 1 आहे, म्हणजे ज्या n शी सहमूळ आहेत, त्या किती हे φ(n) सांगतं. 12 घेतले तर 1, 5, 7 आणि 11 एवढ्याच संख्या उरतात, म्हणून φ(12) = 4. n स्वतःच मूळ संख्या p असेल तर p सोडून बाकीच्या सगळ्या चालतात आणि φ(p) = p − 1 येतं. हे फलन ऑयलरचं. त्याचं प्रमेय 1763 साली छापून आलं. φ हे चिन्ह गाउसने 1801 मध्ये वापरलं आणि तेच रूढ झालं.

एकेक संख्या न तपासता φ(n) कसं काढायचं?

मूळ अवयव पाडायचे आणि प्रत्येक मूळ संख्येचा घात वेगळा हाताळायचा.

आधी एकाच मूळ संख्येचा घात पाहू, समजा 9 = 3^2. 9 शी सहमूळ नसण्याचं एकच कारण असू शकतं: ती संख्या 3 ने भागली जाते. 1 ते 9 मध्ये 3 च्या पटीतल्या संख्या तीन आहेत, त्या वगळल्या की 6 उरतात. हेच कुठल्याही p^k साठी करता येतं. 1 ते p^k मध्ये p च्या पटीतल्या संख्या बरोबर p^(k−1) असतात, म्हणून

φ(p^k) = p^k − p^(k−1) = p^(k−1) · (p − 1)

आता 360 = 2^3 · 3^2 · 5. तिन्ही भाग वेगळे काढले तर φ(8) = 4, φ(9) = 6, φ(5) = 4. त्यांचा गुणाकार 96, म्हणून φ(360) = 96.

गुणाकार का चालतो? 360 ने भागल्यावरची कुठलीही बाकी घ्या आणि तिला 8, 9 आणि 5 ने भागून तीन छोट्या बाक्या लिहा. 8, 9 आणि 5 एकमेकांशी सहमूळ असल्यामुळे बाक्यांचं प्रत्येक त्रिकूट एकदाच येतं आणि एकही त्रिकूट गळत नाही. संख्या 360 शी सहमूळ असण्यासाठी तिची पहिली बाकी 8 शी, दुसरी 9 शी आणि तिसरी 5 शी सहमूळ असावी लागते. पहिलीचे 4 पर्याय, दुसरीचे 6, तिसरीचे 4, असा तो गुणाकार आहे. छोट्या बाक्यांवरून मूळ संख्या परत शोधण्याला आज चिनी शेष प्रमेय म्हणतात. दोन भाजक आणि दोन बाक्या दिल्या असता संख्या शोधण्याची कुट्टक पद्धत आर्यभटाने इ.स. 499 च्या आपल्या ग्रंथात दिली आहे. त्रिकुटांची ही कल्पना नीट धरून ठेवा, कारण पुढचा अवघड भाग तिच्यावरच उभा आहे.

12 चे 2 × 6 असे भाग पाडले तर चालेल का?

नाही. φ(2) · φ(6) = 1 · 2 = 2 येतं आणि खरं उत्तर 4 आहे. 2 आणि 6 यांचा मसावि 2 असल्यामुळे वर म्हटलेली त्रिकुटांची (इथे जोड्यांची) जुळणी मोडते. एका मूळ संख्येचे सगळे घात एकाच भागात राहिले पाहिजेत, म्हणून 12 चे भाग 4 आणि 3. याच चुकीचा धाकटा भाऊ म्हणजे φ(4) = φ(2) · φ(2) = 1 असं लिहिणं. 8, 9, 16, 25 असे घात अवयवांत दिसले की इथे हमखास घोटाळा होतो.

याचा मोठ्या घाताशी काय संबंध?

ऑयलरचं प्रमेय असं: a आणि n सहमूळ असतील तर a^φ(n) ला n ने भागल्यावर बाकी 1 उरते.

हे खरं का, ते 12 वरच पाहता येतं. 12 शी सहमूळ संख्यांची यादी 1, 5, 7, 11. प्रत्येकीला 5 ने गुणून 12 ने भागल्यावर बाक्या येतात 5, 1, 11, 7. यादी तीच आहे, फक्त क्रम बदलला. म्हणजे दोन्ही याद्यांतल्या संख्यांचा गुणाकार केला तर बाकी सारखीच येणार. पण दुसऱ्या यादीत प्रत्येक संख्येबरोबर एक 5 जास्तीचा आहे, एकूण चार. दोन्ही बाजूंचा समान गुणाकार काटला की 5^4 ≡ 1 (mod 12) उरतं. खरंच 625 = 12 · 52 + 1.

यात a सहमूळ असण्याची गरज पडली ती यादी तशीच राहण्यासाठी. 5 ऐवजी 2 ने गुणलं असतं तर 2, 10, 2, 10 असं काहीतरी झालं असतं आणि युक्तिवाद तिथेच संपला असता. ही अट पुस्तकात एका ओळीत येते आणि गणित करताना सगळ्यात आधी तीच सुटते.

a^φ(n) ची बाकी 1 आहे म्हटल्यावर घातांकातून φ(n) च्या पटी काढून टाकता येतात. घातांकाला φ(n) ने भागायचं आणि उरलेली बाकी हाच नवा घातांक.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

7^2024 ला 360 ने भागल्यावर बाकी किती?

आधी अट: 360 च्या मूळ अवयवांत 2, 3 आणि 5 आहेत, 7 नाही. म्हणून मसावि 1. φ(360) = 96 आपण काढलंच आहे. 2024 = 96 · 21 + 8, म्हणजे आता फक्त 7^8 ची बाकी हवी.

ती वर्ग करत करत काढायची. 7^2 = 49. 7^4 साठी 49 · 49 = 2401, त्यातून 360 · 6 = 2160 वजा केले की 241. 7^8 साठी 241 · 241 = 58081, त्यातून 360 · 161 = 57960 वजा केले की 121. उत्तर 121.

आता पडताळा, आणि तो 360 च्या भागांवर घ्यायचा, कारण तिथे आकडे इतके लहान असतात की तोंडी जमतात. 8 ने भागताना 7 म्हणजे −1, सम घात असल्यामुळे बाकी 1; आणि 121 = 8 · 15 + 1. 9 ने भागताना 7^3 = 343 ची बाकी 1 येते, 2024 ला 3 ने भागल्यावर 2 उरतात, म्हणून 7^2 = 49 ची बाकी 4; आणि 121 = 9 · 13 + 4. 5 ने भागताना 7 म्हणजे 2, 2^4 = 16 ची बाकी 1, 2024 ला 4 ने पूर्ण भाग जातो, म्हणून बाकी 1; 121 चीही 1. तिन्ही जुळले. तिन्ही भागांवर जुळणारी संख्या 0 ते 359 मध्ये एकच असते, त्यामुळे हा नुसता अंदाज नाही, ही पूर्ण सिद्धता आहे.

घातांकाला φ(n) ने भागायचं की n ने?

φ(n) ने. ही चूक 100 आणि 360 या भाजकांवर लपून राहते. 360 च्या सहमूळ संख्यांचे घात दर 12 पायऱ्यांनी पुन्हा तेच येतात (याचं कारण पुढे येईल), 12 ने 360 ला पूर्ण भाग जातो, आणि म्हणून घातांकाला 360 ने भागलं तरी उत्तर योगायोगाने बरोबर येतं. 100 चंही तसंच. ‘शेवटचे दोन अंक काढा’ प्रकारचीच उदाहरणं सोडवलेल्याला आपली पद्धत चुकीची आहे हे कळतच नाही.

35 वर करून पाहा. 2^35 ला 35 ने भागायचं आहे. घातांकाला 35 ने भागलं तर 0 उरतो आणि उत्तर 1 वाटतं. φ(35) = 4 · 6 = 24, आणि 35 ला 24 ने भागून 11 उरतात. 2^11 = 2048 = 35 · 58 + 18. खरं उत्तर 18.

पाया आणि भाजक सहमूळ नसतील तर?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

6^2017 ला 360 ने भागायचं आहे. 6 आणि 360 यांचा मसावि 6. अट न पाहता घातांकाला 96 ने भागलं तर 2017 = 96 · 21 + 1, म्हणून उत्तर 6^1 = 6 असं येतं. आता प्रत्यक्ष घात लिहून पाहू. 6^1 ची बाकी 6. 6^2 ची 36. 6^3 ची 216. 6^4 साठी 216 · 6 = 1296, त्यातून 1080 वजा केले की पुन्हा 216. एकदा 216 आला की पुढे कायम 216च. म्हणजे 6^2017 ची बाकी 216 आहे, 6 नाही.

त्रिकूट लिहिलं की हे का घडलं ते उघड होतं. 5 हा भाग घेतला तर 6 ची बाकी 1, आणि तिचा प्रत्येक घात 1. 8 या भागाकडे पाहा: 6 मध्ये एक 2 आहे, 6^2 मध्ये दोन, 6^3 मध्ये तीन. तिसऱ्या घाताला 8 ने पूर्ण भाग जातो आणि तिथून पुढे बाकी कायम 0. 9 चंही तसंच, तिथे दुसऱ्याच घाताला बाकी 0 होते. एकदा 0 झालेली बाकी परत कधीही 6 होत नाही. म्हणून 6 आणि 36 या बाक्या सुरुवातीला एकदाच येतात आणि नंतर दिसत नाहीत.

100 या भाजकावर 2 चे घात घेतले तर हेच जास्त स्पष्ट दिसतं. 2, 4, 8, 16, 32, 64, 28, 56 असं चालत जाऊन 2^21 ची बाकी 52 येते आणि 2^22 ची परत 4. 4 पासून पुढचे वीस आकडे फेर धरतात. पहिला 2 मात्र त्या फेऱ्यात नाही. पहिल्या घातानंतरच्या सगळ्या घातांना 4 ने भाग जातो, 2 ला जात नाही. फेऱ्याच्या आधीचा हा जो तुकडा आहे, त्याला आपण शेपूट म्हणू.

धोका असा की चुकीची पद्धत अनेकदा बरोबर उत्तर देते. 6^2024 घेतला तर 2024 ची बाकी 8, आणि 6^8 ची बाकी 216, म्हणजे उत्तर बरोबर. 8 हा घातांक शेपटाच्या पलीकडे आहे, म्हणून निभावलं. 2016 किंवा 2017 घेतला की घातांक 0 किंवा 1 होतो, आपण शेपटात जाऊन पडतो, आणि उत्तर चुकतं.

मग सगळ्या पायांना चालेल असा नियम आहे का?

आहे, आणि लक्षात ठेवायला सोपा आहे. घातांक b हा φ(n) एवढा किंवा त्याहून मोठा असेल तर

a^b ≡ a^((b mod φ(n)) + φ(n))  (mod n)

म्हणजे घातांकाला φ(n) ने भागायचं, बाकी घ्यायची, आणि तिच्यात φ(n) परत मिळवायचं. मिळवायचं कशासाठी? नवा घातांक शेपटाच्या पलीकडे राहावा यासाठी.

हा नियम कुठल्याही a ला का लागतो, ते भागाभागाने तपासू. n च्या अवयवांतला एक भाग p^k घ्या. p ने a ला भाग जात नसेल तर त्या भागावर ऑयलरचं प्रमेय जसंच्या तसं लागू होतं, आणि φ(p^k) ने φ(n) ला पूर्ण भाग जात असल्यामुळे φ(n) च्या पटी काढल्या किंवा घातल्या तरी बाकी बदलत नाही. p ने a ला भाग जात असेल तर k किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक घाताला त्या भागावर बाकी 0 असते. φ(n) कधीही k पेक्षा लहान नसतं, कारण ते p^(k−1) · (p − 1) च्या पटीत असतं आणि तेच कमीत कमी 2^(k−1), म्हणजे k एवढं किंवा त्याहून मोठं. त्यामुळे जुना घातांक आणि नवा घातांक दोन्ही k च्या पलीकडे, दोन्हींची बाकी 0. सगळे भाग जुळले की n वरही जुळतं.

आपलं उदाहरण: 6^2017 ऐवजी 6^(1 + 96) = 6^97, बाकी 216. बरोबर.

‘b कमीत कमी φ(n) एवढा’ ही अट सोडू नका. 2^1 ला 100 ने भागल्यावर बाकी 2 आहे. उत्साहाने 40 मिळवून 2^41 केलं तर 2199023255552 येतं, शेवटचे अंक 52. घातांक मुळातच लहान असेल तर त्याला हात लावायचा नाही.

घातांकावरच घातांक असेल तर?

या सगळ्या खटाटोपाचं खरं चीज इथे होतं. 2^(3^(4^5)) चे शेवटचे दोन अंक काढा असं विचारलं, तर मधला घातांक 3^1024 आहे. त्यालाच जवळपास पाचशे अंक आहेत. त्याच्याएवढे 2 गुणणं अशक्य.

वरून खाली यायचं नाही, खालून वर जायचं: प्रत्येक पायरीला भाजक कोणता ते आधी ठरवायचं. सगळ्यात खाली भाजक 100. त्याच्या घातांकासाठी भाजक φ(100) = 40. त्याच्याही घातांकासाठी φ(40) = 16.

आता वरून हिशेब. 4^5 = 1024 ला 16 ने पूर्ण भाग जातो, बाकी 0. पुढची पायरी 3^1024 ला 40 ने भागण्याची. 3 आणि 40 सहमूळ, म्हणून 3^0 म्हणजे 1. (3^4 = 81 ची बाकी 1 येते, त्यावरूनही हे दिसतं.) शेवटची पायरी 2 च्या घाताला 100 ने भागण्याची. घातांकाची बाकी 1 आहे, पण 2 आणि 100 सहमूळ नाहीत आणि घातांक 40 पेक्षा प्रचंड मोठा आहे, म्हणून 1 नाही, 1 + 40 = 41 घ्यायचा. 2^41 चे शेवटचे अंक 52. तेच उत्तर.

मिळवायला विसरलो असतो तर 02 असं उत्तर आलं असतं. एका छोट्या मनोऱ्यावर याची खातरजमा होते: 2^(3^4) म्हणजे 2^81, तिथेही घातांकाची बाकी 40 ने भागल्यावर 1 येते, आणि 2^81 पूर्ण लिहिलं तर 2417851639229258349412352. शेवटी 52.

मनोरा कितीही उंच असो, भाजकांची उतरण लवकर संपते: 100, 40, 16, 8, 4, 2, 1. n हा 2 पेक्षा मोठा असेल तर φ(n) सम असतं, आणि सम संख्येचं φ तिच्या निम्म्याहून जास्त असूच शकत नाही. भाजक 1 झाला की त्याच्या वर काय आहे ते पाहावंही लागत नाही.

φ(n) पेक्षा लहान आकडा चालतो का?

बऱ्याचदा चालतो. प्रत्येक भागाचा φ काढून गुणाकार करण्याऐवजी लसावि घेतला तरी पुरतो, कारण सगळ्या भागांचे फेरे एकदम पूर्ण होण्याशी मतलब आहे. शिवाय 8 आणि त्यापुढच्या 2 च्या घातांसाठी φ च्या निम्मं पुरतं. 8 वर कुठल्याही विषम संख्येच्या वर्गाची बाकी 1 येते. म्हणून 360 साठी 2, 6 आणि 4 यांचा लसावि 12. याला कारमायकेलचं फलन म्हणतात, चिन्ह λ. 2024 ला 12 ने भागूनही 8च उरतात, त्यामुळे आपल्या उदाहरणात उत्तर तेच.

हाताने करताना मी λ वापरेन, कारण 96 पेक्षा 12 ने भागणं सोपं. सिद्धता लिहायची असेल तर φ बरा, त्यात 2 च्या घाताचा अपवाद सांगावा लागत नाही. सहमूळ नसलेल्या पायाला λ मिळवून घ्यायचं असेल तर नवा घातांक अवयवांतल्या सर्वांत मोठ्या k पेक्षा लहान नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

व्यस्त काढायला याचा उपयोग होतो का?

होतो, पाया सहमूळ असेल तर. a^(λ(n)) ची बाकी 1, म्हणून a^(λ(n) − 1) हा a चा व्यस्त, म्हणजे a ला जिने गुणलं की बाकी 1 येते ती संख्या. 360 वर 7 चा व्यस्त म्हणजे 7^11. वर 7^8 ची बाकी 121 आणि 7^2 ची 49 मिळाली आहे. 121 · 49 = 5929, बाकी 169; 169 · 7 = 1183, बाकी 103. पडताळा: 7 · 103 = 721 = 2 · 360 + 1. सहमूळ नसलेल्या पायाला व्यस्तच नसतो, त्यामुळे तिथे कुठलीही युक्ती चालणार नाही.

प्रोग्रॅममध्ये हे कसं लिहायचं?

φ साठी 2 पासून भाग देत जायचं. मूळ अवयव सापडला की उत्तरातून त्याचा p वा हिस्सा वजा करायचा.

```python
def phi(n):
    r, p = n, 2
    while p * p <= n:
        if n % p == 0:
            while n % p == 0:
                n //= p
            r -= r // p
        p += 1
    if n > 1:
        r -= r // n
    return r
```

शेवटची `if n > 1` विसरली जाते. वर्गमुळापर्यंत भाग देऊन झाल्यावर एक मोठा मूळ अवयव उरलेला असू शकतो. 14 मध्ये 7 उरतो. ती ओळ नसेल तर `phi(14)` चं उत्तर 6 ऐवजी 7 येतं. आपलं फलन तपासताना 8, 14 आणि 360 या तीन संख्या जरूर घालून पाहाव्यात.

घातांकांच्या मनोऱ्यासाठी एक छोटी युक्ती आहे. बाकी काढताना संख्या भाजकापेक्षा लहान असेल तर ती तशीच ठेवायची, नाहीतर बाकीत भाजक मिळवून ठेवायचा. म्हणजे ‘ही संख्या मुळात मोठी होती’ ही खूण तिच्याबरोबरच पुढे जाते आणि φ(n) मिळवायचं की नाही हे वेगळं तपासावं लागत नाही.

```python
def red(x, m):
    return x if x < m else x % m + m

def pw(a, b, m):
    r, a = 1, red(a, m)
    while b:
        if b & 1:
            r = red(r * a, m)
        a = red(a * a, m)
        b >>= 1
    return r

def tower(t, m):
    if m == 1 or len(t) == 1:
        return red(t[0], m)
    return pw(t[0], tower(t[1:], phi(m)), m)
```

`tower([2, 3, 4, 5], 100)` चालवलं तर आतून बाहेर येताना 5, 16, 41 आणि 152 असे आकडे मिळतात. शेवटी `% 100` केलं की 52. मधला 41 पाहा, हाताने मिळवलेला 1 + 40 तोच. मनोऱ्यातल्या सगळ्या संख्या 1 किंवा त्याहून मोठ्या आहेत असं इथे धरलं आहे.

घातांक सरळ दिलेला असेल तर हे सगळं करायची गरज आहे का?

संगणकावर सहसा नाही. `pow(7, 2024, 360)` वर्ग करत करत जातं, आणि 2024 साठी त्याला दहाच वेळा वर्ग करावा लागतो. φ काढायला अवयव पाडावे लागतात आणि ते काम त्याहून जड असू शकतं. φ ची खरी गरज तीन ठिकाणी: हाताने गणित करताना, घातांक लिहूनच काढता येत नाही इतका मोठा असताना, आणि एकाच भाजकावर असंख्य घात काढायचे असताना.

n इतका मोठा असेल की अवयवच पडत नाहीत, तर?

तर φ(n) काढण्याचा सोपा मार्ग आज कुणालाच माहीत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची संदेश गुप्त ठेवण्याची 1977 ची आरएसए पद्धत याच अडचणीवर उभी आहे: n सगळ्यांना सांगायचा, त्याचे दोन मूळ अवयव स्वतःजवळ ठेवायचे. संदेश उलगडायचा घातांक अवयव माहीत असणाऱ्यालाच काढता येतो, कारण त्यासाठी φ(n) किंवा λ(n) लागतं. 250 अंकी आरएसए-250 या आव्हान संख्येचे अवयव फेब्रुवारी 2020 मध्ये सापडले, तेही अनेक संगणक मिळून प्रचंड वेळ राबल्यावर. प्रत्यक्ष वापरात n सहाशेहून जास्त अंकांचा असतो.

अवयव न पाडता φ(n) शोधण्याची एखादी आडवाट निघेल का, असंही विचारलं जातं. n दोन मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर तशी वाट निघाली तरी ती अवयवांपाशीच पोचते. φ(n) = (p − 1)(q − 1) = n − (p + q) + 1, म्हणून φ(n) कळलं की p + q कळतं, आणि pq म्हणजे n हातात आहेच. समजा n = 3233 आणि कुणीतरी φ(n) = 3120 असं सांगितलं. मग p + q = 3233 − 3120 + 1 = 114. 114 चा वर्ग 12996, त्यातून 4 · 3233 = 12932 वजा केले की 64, त्याचं वर्गमूळ 8. हा p आणि q मधला फरक. 114 मध्ये 8 मिळवून निम्मे केले तर 61, वजा करून निम्मे केले तर 53, आणि 61 · 53 = 3233.